शक्तीची गोळी

गडमुडशिंगीत मेडिकलवाला म्हणजे निम्मा डॉक्टर. श्रीपालच्या काउंटरवर माणसं औषधाआधी रिपोर्टच ठेवायची. "बघा की जरा, काय आलंय ह्यात?" आणि श्रीपाल चष्मा वर सरकवून सांगायचा. एकवीस वर्षं हेच चाललेलं. मग आपल्याच आईचा रिपोर्ट हातात आल्यावर तो गप्प बसतोय व्हय?

पद्मावतीबाईंना जुलैत सणकून ताप आलेला. दहा दिवस अंथरूण. ताप उतरून आठवडा झाला तरी अंगात त्राण नाही, म्हणून श्रीपालनं लॅबमधून सगळ्या तपासण्या करून आणल्या. बाकी सगळं ठीक. टीएसएच तेवढं ७.४, शेजारी ठळक खूण. हद्द साडेचारची.

"आई, थायरॉईड हाय तुला. गोळी चालू करूया."

"जल्मभर घ्यायची ती? शेजारची घेती तसली?" म्हातारी उसळली. "मी न्हाय घेणार जा!"

बायको आदिती म्हणाली, "डॉक्टरांना तरी दाखवा एकदा." पण ऐकेल तो श्रीपाल कसला! दुसऱ्या दिवशी दुकानातनं थायरॉईडच्या शंभर मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणल्या, पट्टीतनं सोडवून रिकाम्या डबीत भरल्या आणि म्हणाला, "ही शक्तीची हाय. रोज उठल्याबरोबर, उपाशीपोटी."

"आता कसं बोललास!" आई खूश झाली.

सात आठवडे तिनं एक दिवस चुकवला नाही. देवळात बायकांना सांगायची, "पोरानं दिल्या, सोताच्या हातानं." अंग मात्र उतरत चाललं. वाटीतली आमटी हिंदकळायला लागली, छातीत धडधड व्हायला लागली. श्रीपालच्या मनात पाल चुकचुकत होती, पण ती बोलून दाखवायची हिंमत कुठली? शेवटी एका सकाळी आई उंबऱ्यातच बसली. "श्रीपाल, काळीज बाहेर पडतंय रं," म्हणाली. तेव्हा कुठं तो तिला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टर पूर्णिमा यांच्याकडे घेऊन गेला. जुना रिपोर्ट बरोबर घेतला. डबी मात्र घरीच ठेवली.

ईसीजी झाला, रक्त तपासायला गेलं. ठोके जलद होते, पण नियमित होते. संध्याकाळी दोघं परत गेली तर डॉक्टरांसमोर दोन कागद शेजारी-शेजारी होते.

"तेव्हा ७.४. आता ०.०५," डॉक्टर म्हणाल्या. "हा आकडा वाढला की थायरॉईड कमी. म्हणजे आधी ते कमी पडतंय असं दिसलं, आता जास्त झालंय. एवढं उलटं कसं? आजी, कुठली गोळी चालू आहे?"

"बीपीची. आणि एक शक्तीची. ह्यो देतोय की!"

"कुठली?" डॉक्टरांनी श्रीपालकडे पाहिलं.

मल्टीव्हिटॅमिन म्हटलं की सुटलो, असं खरंच त्याच्या मनात आलं. लाज वाटावी असा विचार, पण आला.

"गोळीमुळं नसेल तर स्कॅन करू. थायरॉईड कमी करायचं औषध लागेल कदाचित." डॉक्टरांनी पेन उचललं.

"नको मॅडम!" श्रीपाल ओरडलाच. "ती थायरॉईडची गोळी हाय. शंभरची. मीच दिली. आईला खोटं सांगून."

आईनं मान वळवली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सत्तरीची बाई, अठ्ठेचाळीस किलो वजन, आणि थेट शंभर? एका आकड्यावर? अहो, आजारातून उठताना टीएसएच तात्पुरतं वाढतं. वयानंही थोडं वर असतं. असा थोडा वाढलेला आकडा दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बघायचा असतो, बरोबर फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक, बघायचं, त्रास काय आहे ते विचारायचं. मग औषधाचं ठरवायचं. आजचा कागदसुद्धा गोळीचा आहे, आजींचा नाही. ती गोळी आजपासून बंद. धडधड वाढली तर लगेच या, नाहीतर आठ आठवड्यांनी दोन्ही तपासण्या करू."

घरी येईपर्यंत आई खिडकीबाहेर बघत राहिली. श्रीपालनं दोनदा "आई, चुकलं माझं" म्हटलं. ती "व्हय" एवढंच म्हणाली.

आठ आठवडे श्रीपालला काही गोड लागलं नाही. रोज तिची नाडी धरायचा, आणि ती मुकाट्यानं हात पुढं करायची. शेवटी रिपोर्ट आला. टीएसएच ३.१, फ्री टी-फोर हद्दीत. आईला थायरॉईडचा आजार नव्हताच.

तो पळतच घरी आला. "आई, सगळं चांगलं हाय बघ! काय न्हाय झालेलं तुला!"

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा. श्रीपालला केवढं हायसं वाटलं.

दिवस मावळायच्या आत तिचं जेवण उरकलं. श्रीपालनं नेहमीसारखी बीपीची गोळी तिच्या तळहातावर ठेवली. इतकी वर्षं ती गोळी न बघताच तोंडात टाकायची. आज तिनं मूठ मिटली आणि आत हाक मारली.

"आदिती, हिची पट्टी घेऊन ये गं. नाव काय लिवलंय, वाचून दाव मला."