हर्बल चहाच्या नकाशातला रिकामा कोपरा

माझे भाऊजी हट्टी आहेत हे मी ताईच्या लग्नापासून ओळखून आहे, पण या वेळी त्यांनी कहर केला. ताई जाऊन वर्षही झालं नव्हतं. चष्म्याचं दुकान दुपारीच बंद करून ते माझ्या ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, तिचा चहा बाजारात आणायचाय, नव्या मालाला बाजारात जागा शोधायचं काम तू करतेस ना, मग याला शोधून दे. अट एकच, चवीला हात लावायचा नाही. जगाला हर्बल चहाची कमी पडलीय असं तुम्हाला कोणी सांगितलं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. ते खुर्ची न सोडता तसेच बसून राहिले. हा त्यांचा जुना डाव आहे, आणि माझी बहीण त्याला दरवेळी बळी पडायची. मीही पडले.

दुकानांत मिळतील तेवढ्या हर्बल चहांची पाकिटं आणून आम्ही मीटिंगच्या टेबलावर पसरली. झोपेचा, घशाचा, पोटाचा, वजनाचा, फुलांचा, फळांचा. टेबल पुरेना, म्हणून खुर्च्यांवर मांडली. एकावर नुसतं 'आनंद' छापलं होतं. ते मी रागाने उलटं ठेवलं.

कुठला चहा कुठे बसतो हे आम्ही ठरवत नाही, पिणारे ठरवतात. त्यांना बसवून विचारायचं, यातले कुठले दोन सारखे वाटतात, कुठला वेगळा, कशासाठी घेता, कधी घेता. मग ऑफिसात आकडेमोड करणारा माझा आकडेवाला त्या उत्तरांवरून कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारतो आणि प्रत्येक चहाचा ठिपका मांडतो. ठिपक्यांची दाटी असेल तिथे नव्याने शिरण्यात अर्थ नसतो. मोकळं दिसेल तिथे आधी विचारायचं, हे मोकळं का.

पहिल्या नकाशात आडवी रेघ कडू ते गोड होती आणि उभी औषध ते मजा. सगळे ठिपके एका तिरक्या रांगेत आले आणि 'कडू पण मजेचा' हा कोपरा कोरा राहिला. भाऊजींनी तिथे बोट ठेवलं. ही बघ तिची जागा, म्हणाले. आकडेवाला सरळ माणूस, त्याला गोड बोलणं जमत नाही. त्याने सांगितलं की लोकांच्या डोक्यात कडू म्हणजेच औषध, त्यामुळे या दोन्ही रेघा एकच गोष्ट दोनदा सांगतायत. तो कोपरा आपोआपच रिकामा राहणार, तिथे गिऱ्हाईक नाही, नुसता कागद आहे. भाऊजी दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. चहाही त्यांनी माझ्या हातून घेतला, त्याच्या हातून नाही.

मग आम्ही कडू-गोडची रेघ काढून टाकली. लोक आपणहून एक गोष्ट सारखी बोलत होते, हा मी एकटीच पिते, तो चार माणसांत पितो. एकट्याने ते सोबतीने अशी रेघ मारली आणि नकाशा हलला. औषधी चहा सगळे एकट्याने पिण्याच्या बाजूला दाटले, मजेचे सगळे सोबतीच्या बाजूला. औषधी आणि सोबतीने प्यायचा, असा एकही नव्हता. आजारी नसताना औषधी चहा सोबतीला कोण घेईल, असं मी स्वतःशीच बडबडत होते.

"आम्ही दोघं घ्यायचो," भाऊजी म्हणाले.

ताईचे उपचार सुरू झाल्यावर तिने हा चहा करायला घेतला होता. पुदिना, बडीशेप, सुंठ आणि एक कडू मुळी. घरातली सगळी कामं हातून सुटली, हे तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. रोज दोन कप, एक तिचा, एक त्यांचा. भाऊजी तिच्या हाताकडे बघून प्रमाण शिकले. आजारी माणूस आणि त्याच्याजवळ बसणारा माणूस, दोघांनी मिळून प्यायचा चहा. बरं करतो असं पाकिटावर एक अक्षर लिहायचं नाही, नुसती सोबत. आयुष्यभर लोकांचे साबण आणि बिस्किटं मांडत बसले, आता कुठे माझी विद्या माझ्या बहिणीच्या कामाला येणार होती.

पण रिकामी जागा कागदावर मिळून भागत नाही, कप भरून बघावा लागतो. आम्ही जोड्या बोलावल्या, एक आजारी आणि एक घरचं. चहात काय काय आहे ते मुळीसकट सगळं सांगून, आपापल्या डॉक्टरांना विचारूनच या असं बजावलं होतं. त्यांना एका खोलीत बसवलं. शेजारच्या खोलीत मी, आकडेवाला आणि भाऊजी कॅमेऱ्यातून पडद्यावर बघत होतो.

पहिल्या जोडीने एकेक घोट घेऊन कप खाली ठेवले. दुसऱ्या जोडीतल्या म्हाताऱ्याने चहा देणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या मुलीला विचारलं, हे पाजून बरं करणार की घाबरवून. आकडेवाल्याला हसू फुटलं, भाऊजींच्या कपाळावरची शीर उडाली. तिसऱ्या जोडीत डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती आणि तिचा नवरा. बाईने कप रिकामा केला. म्हणाली, उपचार सुरू झाल्यापासून जे खाईन ते कागदासारखं लागतं, आज पहिल्यांदा जिभेला काहीतरी कळलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला कसा वाटला. नवऱ्याने मोठा घोट घेतला होता. तो त्याच्या घशाखाली उतरत नव्हता, ते पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. कसाबसा गिळून तो म्हणाला, छान आहे. मग याहून थोडा कडक चालेल ना, तिने विचारलं. त्याने मान डोलावली.

जागा पक्की दिसते, आकडेवाला हळूच मला म्हणाला. मीही खुशीतच भाऊजींकडे वळले. ते उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तीही रोज विचारायची, कसा झालाय. मी रोज छान म्हणायचो."

मला आधी काही कळेना.

"तिला चव लागतच नव्हती गं," भाऊजी म्हणाले. "ती माझ्या जिभेवर भरवसा ठेवून करत होती. मी छान म्हणालो की दुसऱ्या दिवशी मुळी वाढायची. मला वाटलं, तिला असाच आवडतो."

तुम्ही प्रेमाने म्हणालात, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी कसा झाला होता, मी विचारलं. त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. पहिल्या दिवशीचा तो तिचा होता, म्हणाले, हा नाही. आणि तो सरळ, हट्टी माणूस माझ्या ऑफिसात खुर्चीची पाठ धरून रडायला लागला. मीही रडले, लपवायचं कशाला.

आकडेवाल्याने आपल्या परीने मार्ग काढला. सौम्य चहा दोघांसाठी आणि मुळी वेगळ्या पुडीत, ज्याला हवी त्याने घालावी. खरं सांगते, कल्पना चांगली होती, त्या जागेवर बसली असती. भाऊजी नाही म्हणाले. सौम्य म्हणजे कोणाच्या हाताने सौम्य, एवढंच विचारलं. टेबलावरचा नकाशा आकडेवाल्याने गुंडाळला आणि भाऊजींनी त्याला थांबवलं नाही.

मग ते डोळे पुसून बाहेर गेले. दुसऱ्याच क्षणी ते पडद्यावर दिसले, त्या तिसऱ्या जोडीसमोरच्या खुर्चीत बसताना. हे आमच्या कामात चालत नाही, मी उठणार होते, पण आकडेवाल्याने माझा हात धरला. भाऊजी नवऱ्याला म्हणाले, त्यांना खरं सांगा. नवरा गोंधळला. मग बायकोकडे वळला.

"कडू आहे," तो शेवटी म्हणाला. "फार कडू आहे."

बाई आधी दचकली, मग हसली. त्याच्या हातातला कप तिने काढून घेतला.

"मग बोलायचं ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी कशाला पीत बसलात?"

प्रश्न नवऱ्याला होता, पण तिच्याकडे बघवेना ते भाऊजींना.