हशाआधीचा चहा

धाकट्या भावाची बायको घर सोडून गेली, त्या दुपारी तो माझ्या ओट्याला टेकून उभा राहिला. "सगळं घेऊन गेली, ताई," म्हणाला. मी पाणी दिलं, ते त्याने नुसतं हातात धरलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "चहा मात्र गरम."

जाताना ती त्याचा चहा गाळून, वर झाकण ठेवून गेली होती. हे त्याने माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नाही.

दोन वर्षांनी आम्हा दोघांकडे एक विनोदी मालिका डबिंगला आली. इंग्रजीतून मराठीत मी लिहायची, आणि जाड्या नायकाला आवाज धाकट्याचा. ती गेल्यापासून त्याच्या वाट्याला दुकानाच्या जाहिराती आणि फोनवरच्या सूचना, एवढंच येत होतं. आता पहिला भाग चॅनेलच्या बाई ऐकणार होत्या. पटला तर साठ भाग, नाहीतर दुसरी मंडळी तयारच होती.

त्या भागात जाड्याची बायको निघून जाते. तो मित्राला म्हणतो, सगळं नेलं. मग मान खाजवतो, दीड सेकंद. मग म्हणतो, मला तेवढा लॅम्प ठेवला. ओठ मिटतात आणि मिटताक्षणी हशा. हशा मूळ फितीतच असतो. तो ना पुढे सरकतो, ना थांबतो. आपण फक्त आवाज बसवायचा.

तो लॅम्प जाड्याच्या आईने दिलेला, सुनेच्या डोळ्यात सलणारा. पण ती भांडणं ज्या भागांत होती, ते भाग चॅनेलने घेतलेच नव्हते. आमच्या प्रेक्षकाला लॅम्प म्हणजे नुसता लॅम्प.

मी लिहिलं, "फक्त आईचा तो दिवा तेवढा ठेवून गेली." दिग्दर्शक म्हणाला, "बाई, लोक हसून घरी जातील, तरी तुमचं वाक्य चाललेलंच असेल." मग "दिवा ठेवला." तोंड उघडंच राहिलं, आणि हसायचं कशाला तेही कळेना. आठवडाभर मी स्टॉपवॉच घेऊन भांडी घासत होते, तोंडाने पुटपुटत. ओवीचा शेवटचा चरण कसा आखूड असतो, दळणाऱ्या बाईचा श्वास संपायच्या आत सगळं दुःख त्यात बसतं. तसं काहीतरी हवं होतं. सात अक्षरं, शेवटी मिटलेले ओठ.

होतं ना माझ्याजवळ. पहिल्या दिवसापासून होतं.

त्याला विचारायला फोन उचलला आणि ठेवला. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. काम त्याच्यासाठीच तर आहे, असं मी मनाशी घोकलं आणि कागदावर लिहिलं.

काचेपलीकडे धाकटा माईकसमोर उभा राहिला. पान आधी वाचायची त्याची सवय नव्हती. पडद्याकडे बघत, ताजं ताजं म्हणायचा. पहिलं वाक्य म्हणाला. पडद्यावर जाड्याने मान खाजवली. धाकट्याची नजर पानावर खाली आली आणि तिथेच राहिली. दीड सेकंद, ना कमी ना जास्त.

"चहा मात्र गरम."

ओठ मिटले आणि हशा उसळला. आमच्या खोलीतही सगळे हसले. चॅनेलच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय टायमिंग आहे हो."

"एक अजून घेऊ," दिग्दर्शक म्हणाला, "जरा मजेत. तुला काही वाटतच नाहीये, असं."

सात वेळा घेतलं. सातही वेळा त्याने बरोबर बसवलं. काचेतून माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. "अरे, दुसरं काही बसतच नव्हतं."

"बसलं ना?" तो जाकीट घालत म्हणाला. "मग झालं की."

"तुझ्यासाठीच केलं रे."

"ते कळलं, ताई. तिनेही चहा माझ्यासाठीच ठेवला होता."

साठ भाग मिळाले. जाहिरातीत तेच वाक्य घेतलं, दिवसातून दहादा लागतं. धाकट्याने नवं घर घेतलं. पूर्वी माझं वाक्य अडलं की तो फोनवर चार-चार तऱ्हा सुचवायचा, नकला करायचा, वाण्याच्या, जुन्या मास्तरांच्या. आता म्हणतो, "जे लिहिलंय ते म्हणतो." आणि म्हणतोही, चोख.

परवा फोनवर त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. मी विचारलं, "झोप लागते का रे नीट?"



"का?" तो म्हणाला. "पुढच्या भागात आहे का?"