सोबत न येणाऱ्याचा नंबर

सोसायटीच्या ग्रुपवर मी विचारलं, "हुरड्याची सहल काढतोय, कोण कोण येणार?" आणि अर्ध्या तासात एकसष्ट अंगठे वर आले. चोवीस फ्लॅटांची आमची सोसायटी. एकसष्ट अंगठे म्हणजे माणसं किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई. नंबर विचारायला लोक १९७ फिरवायचे आणि पलीकडे मी असायचे. त्यामुळे अंगठ्यांवर माझा विश्वास नाही. मी लिहिलं, "पैसे भरले ते नाव पक्कं. अंगठे आपापल्या खिशात ठेवावेत." रविवारपर्यंत तेहेतीस नावं उरली.

मग गाडीचा घोळ. आमचे चेअरमन पोतनीस यांना एकच मोठी बस हवी होती. "सगळे एकत्र, गाणी, भेंड्या. मजा येते, कुंदाताई." मजा येते खरी, पण मोठी बस आमच्या गल्लीत वळत नाही, विजेच्या डीपीपाशी अडकते. म्हणजे सगळ्यांनी पहाटे चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जायचं. तेवढं चालणं तीन नंबरमधल्या मनोरमाकाकू पेठ्यांना जमणार नव्हतं. म्हणून मी सतरा सीटच्या दोन गाड्या ठरवल्या. दोन गाड्यांच्या दोन याद्या, आणि उतरताना-चढताना ज्या त्या गाडीची वेगळी मोजणी. थोडे पैसे जास्त पडले. पोतनीस दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते.

काकू एक्याऐंशीच्या. काका जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही, होता तो भाचाही गेला. गेली चार वर्षं गेटपलीकडे त्या गेल्या त्या फक्त डॉक्टरकडे. नाव द्यायला स्वतः काठी टेकत माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "कुंदा, मला खिडकीची जागा दे. बाकी काही नको. हुरडासुद्धा नको, दात कुठेत? पण गाडीत बसून झाडं मागे जाताना बघायचीत एकदा." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मी त्यांच्या नावापुढे 'खिडकी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

अडलं ते शेवटच्या रकान्यात. दोन वर्षांपूर्वीच्या सहलीत आमचे एक सभासद घाटात चक्कर येऊन पडले होते. बायको घाबरून स्वतःच्या लेकीचा नंबर विसरली, आणि त्यांचा मोबाइल उघडेना. तेव्हापासून नियम केला. नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, आणि अडीअडचणीला कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. पंचाहत्तरच्या पुढच्यांचा तो माणूस फोनवर 'हो, मी येईन' म्हणाला तरच नाव पक्कं.

कागद भरून आले ते बघून मी कपाळाला हात लावला. कुलकर्ण्यांनी देशमुखांचा नंबर दिलेला. देशमुखांनी शहांचा. शहांनी पोतनिसांचा, आणि पोतनिसांनी, अर्थातच, कुलकर्ण्यांचा. सगळे एकाच सहलीला निघालेले.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, "उद्या काही झालं तर हे सगळे फोन गाडीतच वाजणार. आपण एकमेकांना उचलून हॅलो हॅलो करायचं का? नंबर सोबत न येणाऱ्याचा हवा."

"अहो, पण शेजारीच तर धावून येतो," शहा म्हणाले.

"येतो ना. पण तो तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय."

सगळे हसले आणि कागद परत घेऊन गेले. कोणी बहिणीचा नंबर आणला, कोणी व्याह्यांचा. मी एकेक फिरवला, जुन्या सवयीने. तुम्ही यांचे कोण? औषध कुठलं चालू आहे? बोलावलं तर याल? देशमुखांच्या मेव्हण्याने तर विचारलं, "ताई, ही सहल आहे की स्थळ बघताय?" काकूंचा कागद मात्र दोन दिवस आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी पोतनीस म्हणाले, "काकूंना यंदा राहू दे. बाहेर त्यांचं कोणी नाही. जबाबदारी कोण घेणार? नियम तुमचाच आहे, कुंदाताई."

नियम माझाच होता. मला रात्री झोप लागेना. लागली तेव्हा स्वप्नात मी पुन्हा एक्स्चेंजमध्ये बसलेली. कानात हेडफोन, समोर धुकं, आणि धुक्यात काकूंचा आवाज, "एक नंबर हवा होता हो." मी जाड वह्या उलटतेय आणि पानं सगळी कोरी. जागी झाले तर डोळे ओले. म्हातारपणी असलं रडू येतं, त्याला काही अर्थ नसतो असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी काकूंचा कागद दाराच्या फटीतून आत आलेला. शेवटच्या रकान्यात एक मोबाइल नंबर, कापऱ्या अक्षरात. नाव लिहिलं नव्हतं. मी फिरवला. दोनदा वाजला, लगेच उचलला.

"बोला, ताई."

मी खिडकीतून खाली बघितलं. गेटच्या केबिनमध्ये आमचा वॉचमन लहू कानाला फोन लावून वर माझ्याकडेच बघत होता. लहू बीडकडचा. एकोणीस वर्षं आमच्या गेटवर आहे. एवढ्या वर्षांत सहलीला त्याला कोणी विचारलं नाही, कारण कोणीतरी मागे राहायलाच हवं असतं.

मी खाकरून सरकारी आवाज लावला. "मनोरमा पेठे यांचे तुम्ही कोण?"

"कोन म्हंजे? मी लहू."

"औषध कुठलं चालू आहे?"

"सकाळी बीपीची पांढरी, दुपारी दीडला साखरेची पिवळी. जेवल्याबिगर द्यायची न्हाई. रक्तगट बी पॉझिटिव्ह. सल्फाची गोळी चालत न्हाई, अंगावर गांधी उठत्यात. किल्ली माझ्याकडं हाय. फाइल कपाटात, वरच्या खणात, साड्यांखाली."

"बोलावलं तर याल?"

"ताई, हे काय इचारनं झालं?"

पोतनिसांना मी दुपारी सांगितलं की काकूंचा नंबर तपासला, पक्का आहे, इतर बत्तीस जणांपेक्षा पक्का. कोणाचा ते ऐकून ते हसले. मग लहूची उत्तरं वाचून दाखवली. तेव्हा म्हणाले, "माझ्या मुलाला माझा रक्तगट माहीत नाही हो."

बत्तीस जणांत मीही होते. माझ्या रकान्यात भावाचा नंबर होता, वसंताचा, इंदूरचा. चार वेळा फिरवला. तिसऱ्यांदा मेसेज आला, 'बिझी, नंतर करतो.' नंतर काही झालं नाही. सगळ्यांची परीक्षा घेणारी मी, स्वतःच्या नावापुढे न तपासताच बरोबरची खूण केली. कोण बघतंय?

जानेवारीतली पहाट. गल्लीत धुकं इतकं की दोन्ही गाड्यांचे दिवे तेवढे दिसत होते. लहूने काकूंसाठी स्टूल आणलं, हात धरून चढवलं, शाल गुडघ्यांवर पसरली. याद्यांची एक प्रत मी त्याच्याकडे दिली, कारण एक प्रत मागे ठेवायचीच असते. म्हटलं, "पोचलो की फोन करीन. बाराच्या आत आला नाही तर सहलप्रमुखाच्या नंबरवर आधी कर." सहलप्रमुख मीच. पहिल्या गाडीत सतरा, दुसरीत सोळा. निघालो.

सोलापूर रस्त्याला उजाडलं. काकू खिडकीशी होत्या. झाडं धुक्यातून यायची, क्षणभर थांबल्यासारखी वाटायची आणि मागे जायची. काकू प्रत्येकाकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होत्या. मागे भेंड्या चालल्या होत्या. त्यांना ऐकूच येत नसावं.

भिगवणच्या अलीकडे शेतावर उतरलो. आगटीत कणसं भाजत होती, धुराचा गोडसर वास, लसणाची चटणी, दही, गूळ. तिथल्या शेतकरीणबाईने काकूंना हुरडा कुटून दुधात कालवून दिला. मग सगळे धरणाच्या पाण्याकाठी गेलो. पाणी आणि आभाळ यात रेघ नव्हती. दूर रोहित पक्षी उभे होते, ते उडाले तेव्हा तेवढा भाग गुलाबी झाला आणि पुन्हा पांढरा. पोतनीससुद्धा भेंड्या विसरून बघत राहिले. मला वाटलं, असंच उभं राहावं, मोजणी नको, यादी नको. मी फोन करायचा विसरले. लक्षात असतं तरी माझ्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती.

काकूंच्या जुन्या बटणांच्या फोनला होती. तो वाजला.

"लहू आहे," काकू म्हणाल्या. "तुला दे म्हणतोय."

"ताई, दीड वाजला. पिवळी गोळी झाली का?"

"देतेच आहे. लहू, अरे, मी फोन विसरले."

"असू द्या. पोचलाव न्हवं सगळे?" तो थोडा थांबला. "आन तुमी जेवलात का?"

मी फोन काकूंना परत दिला. त्या त्याला सांगू लागल्या, "अरे लहू, गुलाबी पक्षी आहेत, पाण्यात उभे. नाही रे, बगळे नाहीत. ऐक तर." ते संभाषण बराच वेळ चाललं.

परत आलो तेव्हा गल्लीतले दिवे लागले होते. लहू गेटात यादी घेऊन उभा. एकेक उतरताना खूण करत होता. काकूंना स्टुलावरून उतरवलं. त्यांनी पदराच्या गाठीतून मूठभर हुरडा काढून त्याच्या हातावर ठेवला. शेवटी मी उतरले.

"तेहेतीस," तो म्हणाला. "आले समदे." मग यादी पुढे केली. "ताई, एक इचारायचं व्हतं. बारा वाजले तरी तुमचा फोन न्हाई, म्हनून सांगितल्यापरमानं सहलप्रमुखाला केला, लागंना. मग यादीत तुमच्या नावाम्होरं व्हता त्या नंबरवर केला. तुमच्या भावाला. पाच डाव केला. उचलंनात."

माझ्या तोंडावर दिव्याचा उजेड होता, तो नको वाटला.

"मग म्हनलं, रकाना असा मोकळा कसा ठिवायचा. म्हनून शेजारी माझा नंबर लिवून ठिवला. पेन्सिलनं. तुमाला चालत नसंल तर खोडतो."

माझ्या नावापुढे, वसंताच्या नंबराशेजारी, बारीक अक्षरात तो नंबर होता. मी पर्समधून पेन काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"गिरव," मी म्हटलं.