सद्द्यावरचा अद्धक

गुरुद्वाऱ्यातले ज्ञानीजी सुट्टीवरून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी गोंदियाजवळच्या कुडव्याला शामकलाच्या घरी आले. छत्तीसगड एक्स्प्रेसचा थकवा अजून त्यांच्या डोळ्यांत होता. तिने चहा ठेवला. गुरमेल सिंग खाटेवर उशीला टेकून बसला होता. तीन वर्षांपूर्वी लकव्याच्या झटक्याने त्याचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून त्याची बसायची जागा तीच.

"भेटली काय नसीब?" त्याने विचारलं. नसीब कौर ही त्याची धाकटी, एकुलती बहीण.

"मिली," ज्ञानीजी म्हणाले. "पण नवऱ्याच्या पुतण्यांच्या घरी नाही राहत ती. गावच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या रोट्या लाटते. मागे एक खोली दिली आहे, तिथेच झोपते. कान तर पूर्ण गेले. मी तुमचं नाव कागदावर लिहून दाखवलं, तर ट्रंकेतून हे काढून दिलं."

त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. घड्यांवर फाटायला आलेला. शामकलाने चहाच्या कपाआडून पाहिला. अक्षर तिचंच होतं.

"म्हणाली, वीरजीला, माझ्या भावाला विचारा, मी काय केलं होतं."

"म्हंजे? काऊन असं बोलते ते?" गुरमेल म्हणाला. "मीच रुसून बसलो ना, का तिले बोलावलं तरी आली नाही."

दोन वर्षांपूर्वी नसीबचा नवरा वारला. मूलबाळ नाही. तिचं पत्र आलं होतं, गुरमुखी लिपीत, चार ओळींचं: इथे आता माझं कोणी नाही, वीरजी, मी गोंदियाला येऊ का? फोनवर तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून उत्तरही पत्रानेच द्यायचं. गुरमेलचा हात चालत नव्हता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्याने सांगितलं, शामकलाने लिहिलं.

शामकला तिरोड्याकडची, पोवारांची पोर. तिने सरदाराशी लग्न केलं तेव्हा माहेरचं दार बंद झालं, आणि सासरी सासूने सहा महिने बोलायचं टाळलं. बोलली ती नसीब. एकोणीस वर्षांची, लांब वेणीची, तोंडाची फटकळ. भावजयीला गुरमुखी आली म्हणजे बीजी, तिची आई, नरम पडेल, असं तिने ठरवून टाकलं. दुपारी पोळ्या आटोपल्या की परातीत उरलेलं पीठ पसरून ती त्यात बोटाने अक्षरं काढायची.

"भाबी, ही बघ वाटी. तोंड वर. हा अद्धक, पुढचं अक्षर दुप्पट करतो. आणि ही वाटी पालथी. ही टिप्पी, अनुस्वार. अ-वर उभी वाटी ठेवून पुढे ग लिही. काय झालं? अग्ग. आग! आता वाटी पालथी कर. अंग! आग विझली, अंग राहिलं."

दोघी इतक्या हसायच्या की बीजी आतून खाकरायची.

शामकलाची अडचण वेगळीच होती. मराठी शाळेत शिकलेली. रफार कसा, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तिचा अद्धकही तसाच पुढे जाऊन बसायचा, ज्या अक्षराचा जोर त्याच्याच डोक्यावर.

"तिथे नाही, आधीच्यावर!" नसीब तिच्या हातावर चापट मारायची. "आधीच्याला सांगावं लागतं का नाही, की बाबा, तुझ्यामागून येतोय तो दुप्पट वजनाचा आहे, सांभाळ?"

आणि अनुस्वार म्हटलं की हिचं आपलं सरसकट टिंब. नसीबने घोकून घेतलं होतं: मोकळं अक्षर, सिहारी म्हणजे ऱ्हस्व इकार, औंकड-दुलैंकड म्हणजे दोन्ही उकार, यांच्यावर टिप्पी; काना-मात्रा असेल तर बिंदी, म्हणजे टिंब. टिप्पी शामकला पुढेही कधीमधी चुकली. अद्धक मात्र त्या उन्हाळ्यानंतर चुकली नाही. "माझी भाबी अद्धक नाही विसरत," नसीब बीजीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. बीजीने पहिल्यांदा शामकलाच्या हातचा चहा मागितला तो त्याच पावसाळ्यात.

"वाचा ना ज्ञानीजी," गुरमेल म्हणाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्याचे डोळे आता उघडले होते, पण चष्मा कुठे ठेवला ते त्याला कधी आठवत नसे.

ज्ञानीजींनी कागद उजेडाला धरला. "प्यारी भैण नसीब कौर नूं सत श्री अकाल. तेरी चिट्ठी मिली. तेरे घरवाले दा सुण के बड़ा दुख होया. इत्थे सब तेरा ही है. आउणा होवे तां..." ते थांबले. "आउणा होवे तां सदा नहीं चाहीदा."

"सद्दा," गुरमेल म्हणाला. "सद्दा नहीं चाहीदा. यायचं असेल तर आमंत्रण कायले पाहिजे, असं सांगतलं होतं मी."

"हो, पण इथे सद्दा नाही, सदा आहे." ज्ञानीजींनी खिशातली पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: ਸੱਦਾ. मग बाजूला: ਸਦਾ. "बघा. स-वर अद्धक असेल तर सद्दा, आमंत्रण. नसेल तर सदा, कायमचं. यायचं असेल तर ये, पण कायमची नको. बिचारीने असं वाचलं."

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होईना, किकवर किक बसत होती.

ज्ञानीजीच घाईघाईने म्हणाले, "चुकून झालं, माताजी. मराठीत अद्धक असतोच कुठे? तिथे अक्षराला अक्षर जोडतात. हे बघा, 'नूं'वर पण टिप्पीच्या जागी टिंब दिलंय. एवढं लिहिता तेच खूप आहे."

गुरमेल हसला. सुटल्यासारखं, ओल्या डोळ्यांनी. "बाई गं! एका वाटीसाठी दोन वर्षं! तुझी मराठी शाळा भोवली, शामकला. बीजी असती तर परात फेकली असती अंगावर."

शामकलाही हसली. तेवढं हसणं तिला कसं जमलं, तिचं तिलाच कळलं नाही.

ज्ञानीजी गेल्यावर तिने तो कागद स्वयंपाकघरात नेला. 'नूं'वरचं टिंब खरोखरच चुकीचं होतं, ते तिच्या हाताचं जुनं दुखणं. पण वर 'चिट्ठी' होतं, च-वर नेमका अद्धक. 'इत्थे' होतं, इ-वर नेमका अद्धक. ज्ञानीजींनी ते पाहिलं नाही. नसीबने पाहिलं असणार. जिने पिठात बोट धरून शिकवलं, ती एकेका अक्षरावर थांबली असणार आणि तिला कळलं असणार की ही चूक नव्हे. माझी भाबी अद्धक नाही विसरत.

आणि तो दिवस शामकलाला काल झाल्यासारखा आठवत होता. लिहिताना सुटला तो खरंच सुटला. मनात तेव्हा दुसरंच चाललं होतं. दोन खोल्या. नवऱ्याला उचलायचं, न्हाणीत न्यायचं, परत आणायचं. मुलगा रायपूरला, सणाला येणारा. त्यात आणखी एक म्हातारी, बहिरी, तीही जन्माची. कायमची. हा शब्द तिच्या डोक्यात होता आणि तोच कागदावर आला. मग गुरमेल म्हणाला, "वाचून दाखव." तिने वाचायला घेतलं आणि स-वरची मोकळी जागा तिला दिसली. पेन हातात होती. झाकणही लावलं नव्हतं. तरी तिने स्वच्छ, जोर देऊन वाचलं: "सद्दा नहीं चाहीदा." कागदावर नव्हतं ते तोंडाने वाचलं, आंधळ्या झालेल्या माणसासमोर. मग घडी केली. मनाशी म्हणाली, समजून घेईल ती.

समजून घेतलंच होतं नसीबने. बरोबर समजली होती.

आता नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. ज्ञानीजींनी निमित्त आयतं दिलं होतं, नवऱ्याने हसून मान्यही केलं होतं. 'चुकून अद्धक राहिला' असं लिहिलं की नसीब येईल. कदाचित विश्वासही ठेवेल. किंवा ठेवल्यासारखं करील, आणि उरलेला जन्म याच दोन खोल्यांत शामकलाच्या हातची भाकर खाताना एक शब्द बोलणार नाही. त्या विचाराने शामकलाला जास्त भीती वाटली.

दुपारी गुरमेलला डोळा लागल्यावर तिने वही काढली. 'नसीब' लिहिलं. पुढे बराच वेळ काही सुचेना. मग लिहिलं की सद्द्यावरचा अद्धक मी विसरले नव्हते, सुटलेला मला दिसला होता, तरी मी दिला नाही. आणि खाली: मैं मंनदी हां. मी कबूल करते.

'मंनदी' लिहिताना तिचा हात अडला. न दुप्पट आहे, म्हणून तिने म-वर उभी वाटी काढली. मग आठवलं, न आणि म दुप्पट असतील तर अद्धक चालत नाही, तिथे टिप्पीच. तिने खाडाखोड केली नाही. कागद फाडून पहिल्यापासून पुन्हा लिहिला. या पत्रात एकही खूण चुकलेली नको होती. 'हां'वर काना आहे, तिथे बिंदी. 'मैं'वरही बिंदी. 'नूं'वर टिप्पी, या वेळी टिप्पीच.

चार वाजता गुरमेल उठला. तिने त्याला पाणी दिलं आणि उभ्यानेच म्हणाली, "नसीबले चिठ्ठी लिवली. वाचून दाखवतो."

तिने वाचलं. गाळलं काही नाही. वाचून झालं तरी तो भिंतीकडेच बघत होता.

"म्हंजे त्या दिवशी तू मले वाचून दाखवलं, ते..."

"कागदावर नव्हतं."

"मी पाहू शकत नव्हतो."

"हो. म्हणूनच."

ती तशीच उभी राहिली. तो तिला बस म्हणाला नाही. मग त्याने डावा हात पुढे केला.

"माझा चष्मा कुठं आहे?"

तिने उशीखालून काढून दिला.

"आन इकडं."

त्याने कागद मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर टेकवून वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर, अक्षराच्या डोक्यावरची एकेक खूण. पंचेचाळीस वर्षांत त्याने तिचं लिहिलेलं कधी तपासलं नव्हतं. दुकानाची बिलं असोत, मुलाच्या शाळेचे अर्ज असोत, 'तू लिहिलं ना, मग झालं,' एवढंच म्हणायचा. आता बोट सरकत होतं, थांबत होतं, परत मागे जात होतं. शामकलाला वाटलं, हे असंच चालणार यापुढे, आणि चालू दे, त्याचा हक्कच आहे.

शेवटच्या ओळीपर्यंत येऊन त्याने मान हलवली.

"बरोबर आहे. पण बोलावलं कुठं तू तिले?"

खरंच, नव्हतं बोलावलं. सगळी कबुली लिहिली आणि ते राहूनच गेलं. तिला तोंड वर करवेना.

"तुम्ही सांगा, लिवतो."

"दोनच शब्द. आ जा. बस." त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "ना अद्धक, ना टिप्पी. सुटायले काही जागाच नाही त्यात."

टोमणा होता. तो तिने घेतला. खाली बसून, त्याच्या डोळ्यांदेखत, तिने लिहिलं: आ जा. मग त्याला न विचारता पुढे आणखी दोन शब्द घातले आणि कागद त्याच्यासमोर धरला.

त्याने वाकून वाचलं. "सदा वासते," तो हळूच म्हणाला. कायमची.

"पाकीट आन," तो म्हणाला. "पाच वाजेपर्यंत पोस्ट उघडं राहते."