दार उघडेपर्यंत

हॉटेलच्या मागच्या दाराशी, हजेरीच्या यंत्राशेजारी, नोटीस लागून आठवडा झाला होता. 'महिला कर्मचाऱ्यांकरिता रात्रपाळीनंतर आवश्यकतेनुसार व उपलब्धतेनुसार वाहनसुविधा पुरविण्यात येईल.' वाक्य इतकं कडक इस्त्रीचं, की त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे गाडी रोज निघायची ती रिसेप्शनच्या दोघींना घेऊन, आणि बाकीच्या सीटा हवा खात जायच्या.

हाउसकीपिंगच्या प्रमुख असलेल्या ताईंना याचा पत्ताच नव्हता. गाडी आली, प्रश्न मिटला, असं समजून त्या निर्धास्त होत्या. त्यांचे डोळे उघडले ते तुफानमुळे. तुफान म्हणजे मेजवानीचा हॉल आवरणारी पोरगी. पन्नास टेबलांच्या चादरी ती बघता बघता ओढून घड्या घालायची, म्हणून हे नाव. ती दुपारी लिननरूममध्ये आली आणि खाली बघत म्हणाली, "ताई, महिनाअखेरीस मी सोडते."

"का गं? कुणी काही बोललं?"

"बाबांना झेपत नाही. रोज रात्री कोपऱ्यावर माझी वाट बघत बसतात आणि पहाटे बेकरीत भट्टीपुढे उभे राहतात. परवा भट्टीजवळच चक्कर आली. आई म्हणते, नोकरी गेली खड्ड्यात."

"मग गाडी का घेत नाहीस?"

"ती परमनंट लोकांची ना? आम्ही कंत्राटाच्या. आणि पगारातून कापतात म्हणे."

ताईंना आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. त्या तडक मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. साहेब बिचारे स्वतःच चिंतेत होते. गाडी रिकामी जाते म्हणून वरून ती बंद करायचा निरोप आला होता. "मी तर सगळ्यांसाठीच लिहिलं होतं हो," ते म्हणाले.

"लिहिलंत साहेब, पण त्यात 'सगळ्यांसाठी' हा शब्द कुठे आहे?"

साहेबांनी कागद वाचला, कान पकडले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. काय ठरवायचं ते आत्ता ठरवू."

पाळी सुरू होण्याआधी सगळ्या ओळीत उभ्या राहतात, तेव्हा ताईंनी घसा साफ केला. "नीट ऐका. गाडी सगळ्या बायकांना आहे. कंत्राटाच्या, परमनंट, शिकाऊ, सगळ्या. पैसा कुणाचाही कापणार नाही. गाडी मागच्या दाराशी, दिव्याखाली उभी राहील. ड्रायव्हरची कागदपत्रं तपासली आहेत. त्याचं नाव आणि गाडीचा नंबर रोज पाळी संपायच्या आत तुमच्या फोनवर येईल. शेवटी उतरणारी एकटी राहणार नाही, सिक्युरिटीची बाई शेवटच्या घरापर्यंत सोबत असेल. घरी पोचलात की रात्रीच्या डेस्कला फोन. तुमचा नाही आला तर डेस्क करेल. गाडी साडेअकराला सुटेल."

"आणि पार्टी लांबली तर?" मागून तुफानने विचारलं.

हॉल कधी रिकामा होईल हे पाहुण्यांच्या मर्जीवर, आणि इतकी वर्षं इथे काढून ताईंनीच साडेअकराची वेळ सांगून टाकली होती! त्यांनी शेजारी उभ्या साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "हॉलवाल्यांसाठी दुसरी गाडी. शेवटची बाई बसल्याशिवाय ती हलणार नाही."

"आणि कोपऱ्यावर नाही सोडायचं," ताईंनी पुस्ती जोडली. "दारापाशी. दार उघडून तुम्ही आत जाईपर्यंत गाडी जागची हलणार नाही. आता मी काय म्हटलं ते एकेकीने मला सांगा."

पोरी हसल्या, पण एकेकीने सांगितलं. तेच शब्द ताईंनी सगळ्यांच्या फोनवर पाठवले, घरी दाखवायला. सुट्टीवर असलेल्यांना स्वतः फोन केले. जुनी नोटीस साहेबांनी आपल्या हाताने काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुफान लिननरूममध्ये आली ती ओढणीत तोंड लपवत. ताई लगबगीने तिच्यापाशी गेल्या. "काय झालं? गाडी नव्हती?"

"होती ना! दारापाशी सोडलं. पण दार कुणी उघडेना. मी कडी वाजवतेय, ड्रायव्हरदादा हलायला तयार नाहीत, सिक्युरिटीच्या मावशी खाली उतरून हाका मारतायत. अख्खी गल्ली जागी झाली, ताई! तेव्हा कुठे आईने दार उघडलं."

"आणि बाबा?"

"घोरत होते." तुफानला हसू आवरेना, आणि डोळे मात्र भरून आले. "आईने तुमचा मेसेज वाचून दाखवला होता. बाबांनी दोनदा वाचायला लावला म्हणे, आणि मग आडवे झाले. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा, ताई. सकाळी मला म्हणाले, गाडीवाल्यांची माफी माग, माझा डोळा लागला म्हणून त्यांना थांबावं लागलं."

ताईंनी चादरींचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला आणि पाठ फिरवून कपाट उघडलं. मग कपाटात डोकं घालूनच म्हणाल्या, "माफी कसली? सांग बाबांना, खुशाल झोपा. गाडी थांबेल."