आजचा धरून

घरमालकांच्या मुठीत किल्ली होती आणि ती मूठ इतक्यात उघडणार नाही, हे त्यांच्या फुललेल्या नाकपुड्यांवरून कळत होतं. खाली टेम्पो उभा. हमालांनी कपाट पहिल्या मजल्यावर टेकवलेलं. भाडेकरूबाईंची आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, कशीबशी दोन मजले चढून बंद दारासमोर खुर्चीत बसलेली. जुनं घर सकाळीच सोडलेलं. थोडक्यात, मालकांनी भांडायची वेळ अचूक साधली होती.

"आधी अख्ख्या महिन्याचं भाडं. मग किल्ली."

बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होत्या. दिवसभर लोकांना सुया टोचायच्या आणि वर "दुखणार नाही हं" म्हणायचं, त्यामुळे आवाज चढवायची सवय नव्हती. "काका, आज सोळा तारीख. डिपॉझिट पूर्ण दिलंय. या महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं भाडं आत्ता देते, पुढे दर एक तारखेला पूर्ण. असंच ठरलंय."

"कुणाशी ठरलंय?"

दोघांनी दलालाकडे पाहिलं. दलालाला सगळे 'होईल' म्हणत, कारण तो कुणालाही दुसरं काही म्हणत नसे. बाईंनी उरलेल्या दिवसांचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "होईल." मालकांनी पूर्ण महिन्याचं बजावलं, तेव्हाही म्हणाला होता, "होईल." आता तो भिंतीच्या ओल्या रंगाला बोट लावून बघत होता.

"चौदा दिवसांचं भाडं देऊन महिनाभराचं घर!" मालक कडाडले.

"पंधरा दिवसांचं. आजचा धरून. महिना तीस दिवसांचा आहे, म्हणजे बरोब्बर अर्धं."

समोरची बाई स्वतःच्याच विरुद्ध एक दिवस वाढवते आहे, याने माणूस वरमायला हवा. मालक आणखी भडकले. फसवायला आलेल्याशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडायचं?

"महिना म्हणजे महिना! आमच्याकडे दिवस मोजत नाहीत."

"बरं. मग पूर्ण घ्या. माझा महिना आजपासून पुढच्या पंधरापर्यंत."

"अजिबात नाही! माझा हप्ता पाच तारखेला जातो. भाडं एक तारखेलाच पाहिजे."

"म्हणजे पहिल्या पंधरवड्याचे पैसे मी कशाचे द्यायचे? इथे कोण राहत होतं?"

"घर तुमच्यासाठी अडवून ठेवलं होतं!"

"रंगाऱ्यासाठी!" आता मात्र बाईंचा आवाज चढला, आणि हमालांनी खाली विड्या विझवून कान टवकारले. "मी एक तारखेलाच येणार होते. रंग वाळला नाही म्हणून तुम्हीच थांबवलंत. त्या पंधरा दिवसांचे पैसे मी जुन्या मालकाला मोजलेत. एकाच पंधरवड्यात दोन घरांत राहायला मी काय भूत आहे?"

"तोंड सांभाळून बोला! नको असेल तर उचला सामान."

आई खुर्चीचा हात धरून उठू लागली. "चल गं," ती म्हणाली. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. पाय थरथरला आणि ती पुन्हा बसली. बाईंचा चेहरा असा झाला की दलाल दोन पायऱ्या खाली सरकला.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. मालकीणकाकू हात पुसत बाहेर आल्या. मालकांना धीर आला. "तूच सांग यांना. आपल्याकडे दिवस मोजतात का?"

"छे," काकू म्हणाल्या. "महिना म्हणजे महिना. मग कामवालीचे परवा दोन खाडे कापलेत, ते परत करा. तिचं पोर तापानं फणफणलं होतं. दुधाचे कापलेत. पेपरवाल्याशी तर एका दिवसावरून फाटकात भांडलात. सगळ्यांना पूर्ण महिना देऊन टाका, मग यांच्याकडून पूर्ण घ्या."

"ते वेगळं!"

"कसं?"

मालकांनी कसं ते शोधलं. जिन्यात शोधलं, छतावर शोधलं. सापडेना तेव्हा त्यांनी किल्ली खुर्चीच्या हातावर आपटली आणि राग घेऊन दलालाकडे वळले. "तुझी दलाली एका महिन्याच्या भाड्याची ना? तीही अर्धीच मिळेल!"

"असं कसं, साहेब? महिना म्हणजे महिना!"

"होईल," मालक म्हणाले.

बाईंनी आधी दार उघडून आईला आत बसवलं. मग अर्ध्या महिन्याचं भाडं मोजून दिलं, पावती मागितली, आणि करारात सुरुवातीची तारीख सोळा करून दोघांच्या सह्या घेतल्या. मालकांची सही कागद फाडून पलीकडे गेली.

"घर सोडाल तेव्हा बघतो," ते दात खाऊन म्हणाले.

"तेव्हाही मोजू," बाई म्हणाल्या. "त्या दिवसाचा धरून."

आणि दार लावलं. दाराचा ओला रंग चौकटीला चिकटून ते नीट लागलं नव्हतं. म्हणून दुसऱ्यांदा, जरा जोरात लावलं.