दोनच्या आकड्याचं काय करायचं

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता आणि जळगावात पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. स्टेशनजवळच्या त्या खाजगी रुग्णालयात रोज आठ-दहा माणसं उन्हाने गळून भरती व्हायची. खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सारिकाला सकाळपासून मान वर करायला फुरसत नसायची. सारिका मूळची साक्रीची. लॅबचा डिप्लोमा तिने धुळ्याला केला होता आणि या नोकरीला आता चार वर्षं होत आली होती.

तिला एक खोड होती. इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे रक्तातल्या क्षारांचे, आकडे मशीनमधून बाहेर आले की मनातल्या मनात ॲनायन गॅप काढायची. हे कुणी मागत नसे आणि रिपोर्टवर छापलंही जात नसे. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बेरीज वजा करायची, बस; मशीन मोजत नाही असा ऋण भार रक्तात किती, हे त्यावरून कळतं. त्यांच्या मशीनवर उत्तर आठ ते बाराच्या आसपास यायला हवं. धुळ्याला शिकवणारे सर म्हणायचे, गॅप भलताच आला तर आधी मशीनवर संशय घ्या, मग पेशंटवर.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला पहिला आकडा आला अकरा. सोडियम १३८, क्लोराइड १०३, बायकार्बोनेट २४. ठीक. दुसरा आला दहा. तिसरा नमुना होता झुलाल नाना पाटलांचा, वय अडुसष्ट, मुक्काम धरणगावजवळचं एक खेडं. सोडियम १३३, क्लोराइड १०६, बायकार्बोनेट २५. सारिकाने बेरीज केली, एकशे एकतीस. एकशे तेहतीसमधून एकशे एकतीस गेले, उरले दोन.

दोन?

तिने पुन्हा वजाबाकी केली. दोनच. मग तोच नमुना परत मशीनला लावला. सोडियम १३३, क्लोराइड १०६, बायकार्बोनेट २५. क्लोराइडचा इलेक्ट्रोड मागच्या महिन्यातच कुरकुरत होता, म्हणून कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेला नमुना, चालवून पाहिला. कंट्रोल अगदी जागेवर बसला. मशीन बरोबर होतं, पुढच्या दोन पेशंटांचे गॅपही नऊ आणि अकरा आले होते. म्हणजे बाकी सगळ्यांचं ठीक आणि एका झुलाल नानांचंच वेगळं.

तिने नानांचा उरलेला रिपोर्ट पाहिला. किडनीचं क्रिएटिनिन १.८, थोडं वाढलेलं. कॅल्शियम १०.३. मर्यादा साडेआठ ते साडेदहा. लाल रंगात, म्हणजे धोक्याचं, काहीच नाही. रिपोर्ट वर वॉर्डात गेला.

पण तो दोनचा आकडा काही तिला बसू देईना. ती खुर्चीवर बसली, उठली, फ्रिजचं तापमान लिहून आली, परत बसली. हिवाळ्यात तिच्या हातून एक घोटाळा झाला होता. रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यावर तिने पोटॅशियम धोक्याचं म्हणून वॉर्डात फोन केला, सगळी धावपळ झाली आणि दुसऱ्या नमुन्यात पोटॅशियम अगदी व्यवस्थित निघालं. फिजिशियन डॉ. प्रेमराज तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आकडे द्या, निदान आम्ही करतो." ते वाक्य आठवलं की अजूनही तिचे कान गरम व्हायचे.

बारा वाजता लॅबच्या खिडकीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात रिपोर्टचा आणि डिस्चार्जचा कागद. नानांची बायको, बेबाबाई.

"माय, डॉक्टर सांगतस रिपोर्ट बठ्ठा चांगला शे. ऊन लागनं म्हने. चार वाजता घर लई जा म्हने," ती अहिराणीत म्हणाली. "मग हाऊ मानूस कालपासून मन्हं नाव का बरं इसरी गया?"

सारिकाने कागद हातात घेतला. "नानांना अजून काय होतं, अक्का?"

"पानी मांगस, पुन्हा पानी मांगस. पोट साफ होत नही. तीन महिनापासून पाठ दुखस. गावना डॉक्टरनी हाडंसाठे गोळ्या देल्ह्या, त्या रोज खातस."

"कोणत्या गोळ्या?"

बेबाबाईने पिशवीतून पाकीट काढलं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. दिवसाला दोन. डिस्चार्जच्या कागदावर वरच्या डॉक्टरांनीही त्याच गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या होत्या.

तहान, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा. कॅल्शियम चढलेल्या माणसाचं असंच होतं. पण कॅल्शियम तर १०.३ होतं, मर्यादेच्या आत. आणि अल्ब्युमिन? ते कुणी मागितलंच नव्हतं. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून असतं. अल्ब्युमिन कमी असेल, तर एकूण कॅल्शियम दिसायला कमी दिसतं आणि मोकळं, खरं काम करणारं कॅल्शियम मात्र जास्त असू शकतं. गॅपचंही तसंच. तो आकडाही मोठ्या प्रमाणात अल्ब्युमिनवरच उभा असतो.

"अक्का, थोडं थांबा. मी देखस," ती म्हणाली.

न मागितलेली तपासणी करायची तर पॅथॉलॉजिस्टची परवानगी हवी. डॉ. चारुलता दिवसा दुसऱ्या लॅबमध्ये असायच्या. पहिला फोन उचलला नाही. दुसराही नाही. सारिका मागच्या दारापासून सेंट्रीफ्यूजपर्यंत आणि तिथून परत अशा येरझारा घालत राहिली. घड्याळात साडेबारा. तिसऱ्या वेळी मॅडमचा आवाज आला, "हं, बोल लवकर."

सारिकाने एका दमात सांगितलं.

"गॅप दोन? मशीन पाहिलंस?"

"दोनदा चालवलं मॅडम. कंट्रोल बरोबर आहे."

"अल्ब्युमिन लाव. आणि टोटल प्रोटीनपण. माझ्या नावावर लाव. आकडे आले की मला सांग, वर एकटी जाऊ नकोस."

नमुना फ्रिजमध्ये होताच. पंधरा मिनिटांत अल्ब्युमिन आलं २.५. सारिकाने वहीच्या कोऱ्या पानावर मांडलं: निरोगी अल्ब्युमिन चार धरायचं आणि कमी पडलेल्या दर ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे. चारातून अडीच गेले, दीड. दीड गुणिले ०.८ म्हणजे १.२. एक पूर्णांक दोन मिळवले १०.३ मध्ये, झाले साडेअकरा. ते मर्यादेच्या चांगलंच वर होतं.

मग गॅप. अल्ब्युमिन एक ग्रॅम कमी झालं की गॅप अडीचने खाली येतो. दीड ग्रॅम कमी, म्हणजे पावणेचार. दोनात पावणेचार मिळवले तर पावणेसहा. अल्ब्युमिनचा हिशेब धरूनही आठच्या खाली. म्हणजे नुसत्या कमी अल्ब्युमिनने गॅप एवढा मिटत नाही. रक्तात धन भाराचं आणखी काहीतरी होतं, जे मशीन मोजत नव्हतं आणि ज्याचा भार झाकायला क्लोराइड वर सरकलं होतं.

तेवढ्यात टोटल प्रोटीन आलं. १०.६.

सारिका आकड्याकडे बघतच राहिली. १०.६ मधून अडीच गेले तरी आठच्या वर प्रथिन उरतं, आणि ते अल्ब्युमिन नाही. निरोगी माणसात ते साडेतीनच्या वर सहसा जात नाही. तिने तोही नमुना पुन्हा लावला. १०.५. आता शंका घ्यायला जागा नव्हती.

फोनवर डॉ. चारुलता हळू आवाजात म्हणाल्या, "मायलोमा असेल. हाडांच्या मज्जेतला कॅन्सर, तोच असं प्रथिन बनवतो. पाठदुखी, क्रिएटिनिन, सगळं बसतं. पण ऐक, एवढं प्रथिन असलं की आपलं करेक्शनचं सूत्रही फसू शकतं. काही वेळा तेच प्रथिन कॅल्शियम धरून ठेवतं. आयसीयूतल्या ब्लड गॅसच्या मशीनवर आयोनाइज्ड कॅल्शियम काढा. ते मोकळंच मोजतं. मी प्रेमराजना फोन करते."

"मॅडम, चारला डिस्चार्ज आहे."

"म्हणूनच करते ना."

पण पावणेदोनपर्यंत वॉर्डातून कुणी आयसीयूत नमुना पाठवला नाही. डॉक्टर ओपीडीत अडकले होते, मॅडमचा फोन त्यांना लागला की नाही कळायला मार्ग नव्हता. सारिकाने परत दोनदा चौकशी केली आणि मग तिला राहवेना. वहीचं पान फाडलं, जिना चढली आणि ओपीडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत रांग होती. कंपाउंडर म्हणाला, थांबा. ती थांबली नाही.

"सर, एकच मिनिट."

डॉ. प्रेमराज चष्म्यावरून पाहून हसले. "आता काय, पोटॅशियम?"

सगळी रांग तिच्याकडे पाहत होती. सारिकाने कागद त्यांच्यासमोर ठेवला. "निदान मी करत नाही, सर. आकडे देते. झुलाल नानांचं अल्ब्युमिन अडीच आहे. कॅल्शियम करेक्ट केलं की साडेअकरा येतं. टोटल प्रोटीन १०.६. आणि ते रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या घेतायत."

डॉक्टरांनी कागद उचलला. एकदा वाचला. मग खिशातून पेन काढून त्यांनी स्वतः दीड गुणिले ०.८ केलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"अल्ब्युमिन मी मागितलं नव्हतं," ते म्हणाले आणि पेन खिशात ठेवलं. "मागायला हवं होतं."

अडीच वाजता आयसीयूतून आयोनाइज्ड कॅल्शियमचा आकडा आला, १.५२. मर्यादा १.३२ पर्यंत. डिस्चार्जचा कागद रद्द झाला. गोळ्या बंद झाल्या, सलाईन चालू झालं, आणि एका नमुन्याची बाटली इलेक्ट्रोफोरेसिससाठी, म्हणजे प्रथिनं वेगवेगळी करून पाहायला, मोठ्या लॅबला गेली. बेबाबाईला पुरतं समजलं नाही. डॉक्टर स्वतः खाटेजवळ बसून तिला सांगत होते एवढंच तिने पाहिलं, आणि ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली.

चार दिवसांनी नानांची गुंगी उतरली. कॅल्शियम खाली आलं, क्रिएटिनिनही थोडं. इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात शेवटाकडे उंच अणकुचीदार सुळका होता, एकाच जातीच्या प्रथिनाचा. हाडांच्या मज्जेची तपासणी झाली आणि पुढच्या उपचारासाठी मुलाने त्यांना नाशिकला नेलं. बरे होतील की नाही, हे कुणीच ठामपणे सांगितलं नाही. डॉ. चारुलता एवढंच म्हणाल्या की हाडं मोडण्याआधी आणि किडनी जाण्याआधी कळलं, हेही काही कमी नाही.

लॅबमध्ये सगळे सारिकाची पाठ थोपटत होते. तिला मात्र बरं वाटत नव्हतं. डॉ. प्रेमराजनी नियम केला होता की यापुढे कॅल्शियम मागितलं तर सोबत अल्ब्युमिन लावायचंच. नियम चांगला होता. पण आधीचे रिपोर्ट?

दुपारची गर्दी ओसरल्यावर तिने मागच्या दोन महिन्यांची यादी काढली. कॅल्शियम तपासलेले छप्पन्न. त्यातल्या एका बाईचं, पाचोऱ्याच्या प्रमिलाबाईंचं, ७.४ आलं होतं. कमी म्हणून त्यांना तिथल्या दवाखान्यात कॅल्शियमची इंजेक्शनं चालू होती. नशिबाने त्यांचं अल्ब्युमिन दुसऱ्या कारणाने झालेलं होतं, २.१. चारातून २.१ गेले, १.९. गुणिले ०.८, दीड. ७.४ मध्ये मिळवले की जवळजवळ नऊ. त्या बाईचं कॅल्शियम कमी नव्हतंच. कमी होतं ते अल्ब्युमिन, आणि ते का, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

बाकीच्यांपैकी चाळीस जणांचं अल्ब्युमिन कुठेच नव्हतं.

संध्याकाळी डॉ. चारुलता आल्या, तेव्हा सारिकाने यादी पुढे ठेवून या सगळ्यांच्या डॉक्टरांना कळवू का, असं विचारलं. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"आधी ज्यांना इंजेक्शन किंवा गोळ्या चालू आहेत, त्यांच्या डॉक्टरांना. माझं नाव सांग."

सारिकाने प्रमिलाबाईंच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि फोन उचलला. पाचोऱ्याच्या दवाखान्यात बेल वाजत होती. कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला.